पाच महिन्यांची लेक दिवसा बरोबर अर्ध्या तासाने उठते, झोप लांबवायची कशी?

दारव्ह्याची_सून

माझी लेक पाच महिन्यांची आहे. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, घरी सासू-सासरे, नवरा आणि मी. रात्रीची काही तक्रार नाही. सव्वाआठच्या सुमारास झोपते, मधे दोनदा दुधाला उठते आणि पिऊन परत झोपते. दिवसा मात्र कधीही झोपवा, अर्ध्या तासाने डोळे टक्क उघडे. घड्याळ लावल्यासारखं. आवाज झाला म्हणून उठते असंही नाही, घर अगदी चिडीचूप असतानाही तेच.

झोपवतो झोळीत. पडवीतल्या आड्याला जुन्या सुती लुगड्याची झोळी बांधली आहे. सासूबाई दोरी ओढतात, डोळा लागला की दोरी सोडून तिथेच बाजूला गहू निवडायला बसतात. त्यांचं सूप अर्धं होत नाही तर हिची चुळबुळ सुरू. सकाळी उठते तेव्हा हसत असते, पण दुपारच्या झोपेतून रडतच उठते आणि संध्याकाळपर्यंत किरकिर करते.

दूध अंगावरचंच आहे, वजन अंगणवाडीत नीट भरतं. पुढच्या महिन्यात पेरणी, तेव्हा मला शेतात जावं लागेल आणि ती दिवसभर सासूबाईंकडे राहील. त्याआधी दिवसाची एखादी तरी झोप लांबावी असं वाटतं. हे असं का होतं? आणि काही करता येतं का?

काळी_माती

लेकराचं पोट भरत नसन बाई. पोट भरलेलं लेकरू दोन-दोन घंटे झोपते. आमच्या घरी पाचव्या महिन्यात मुगाच्या डाळीचं पाणी सुरू केलं होतं. अन् झोपताना जायफळाचे दोन वळसे दुधात उगाळून देजा, आमच्या सगळ्या लेकराईले देल्लं. अजून एक सांगतो, तुमची सासू दोरी लवकर सोडते. मी तं लेकरू झोपलं तरी पायानं दोरी हालवतच राहो, भाजी निवडता निवडता.

वर्धेकर_सिस्टर

मी बाळांच्या वॉर्डात बरीच वर्षं काम करते आहे. काळी_माती काकू, दोरीबद्दल तुम्ही अगदी बरोबर बोललात, त्यावर पुढे येते. पण जायफळ देऊ नका, ही कळकळीची विनंती आहे. जायफळात गुंगी आणणारी द्रव्यं असतात, आणि एका वळशात किती उतरलं हे कुणालाच मोजता येत नाही. मोठ्या माणसाला जे थोडंसं, ते सहा किलोच्या बाळाला जास्त होतं. त्याने आलेली झोप ही सुस्ती असते. घुटी, मध, सर्दीचं औषध हेही झोपेसाठी नको. मध तर वर्षाच्या आत कशासाठीच नको. आणि डाळीचं पाणी सहा महिने पूर्ण झाल्यावर काय ते बघू. त्यात पाणीच जास्त, दुधाची जागा मात्र तेवढी जाते.

भुकेचं म्हणाल तर भुकेला घड्याळ नसतं. भुकेमुळे उठणारं बाळ कधी वीस मिनिटांनी उठेल, कधी तासाभराने, आणि उठल्या उठल्या चुरूचुरू प्यायला लागेल. ही सकाळी हसत उठते, दिवसभरात सहा-सात लंगोट ओले होत असतील आणि वजनही वाढतंय, म्हणजे पोटाचा प्रश्न नाही.

अर्ध्या तासाचं कारण वेगळं आहे. आपली सगळ्यांचीच झोप फेऱ्याफेऱ्यांनी येते. हलकी, मग गाढ, मग परत हलकी. मोठ्यांची एक फेरी दीड तासाच्या आसपास असते, या वयाच्या बाळाची दिवसाची फेरी साधारण तीस ते पन्नास मिनिटांत संपते. फेरी संपली की बाळ जवळजवळ जागं होतं. तिथून पुढच्या फेरीत शिरलं तर झोप लांबते, नाही शिरलं तर तुम्ही सांगता तसं होतं. रात्री अंधार असतो, शरीर झोपेचा रस तयार करत असतं, दिवसभराचा थकवा असतो, म्हणून रात्री हा सांधा सहज ओलांडला जातो. दिवसा यातली कुठलीच मदत नसते. म्हणून पाच-सहा महिन्यांपर्यंत छोट्या झोपा हा आजार नाही, पुष्कळ निरोगी बाळं अशीच झोपतात.

तरी तुमच्या घरात काही गोष्टी बदलता येतील असं वाटतं. दोन-तीन दिवस एवढं लिहून ठेवा: किती वाजता उठली, किती वाजता डोळा लागला, कुठे झोपली, आणि उठताना हसत होती की रडत. मग बोलू.

जुळ्यांची_आई

आमचे दोघं दोन वर्षांचे आहेत, रात्री दोन-तीन वेळा उठतात आणि एक उठला की दुसराही उठतो. फेरीचं हेच कारण असेल का? आम्हीही लिहून ठेवू का?

वर्धेकर_सिस्टर

ताई, तुमचा प्रश्न निराळा आहे. इथे दिवसाच्या झोपेचं बोलणं चाललंय आणि बाळ पाच महिन्यांचं आहे. दोन वर्षांच्या मुलाच्या रात्रीच्या उठण्यामागे दुपारची उशिरापर्यंतची झोप, रात्रीचं दूध, जंत, नाक चोंदणं अशी बरीच कारणं असू शकतात. वेगळा धागा काढा, तिथे नक्की लिहीन.

दारव्ह्याची_सून

लिहून ठेवलं. सगळे दिवस साधारण एकसारखेच गेले, त्यातला एक देते.

सकाळी ५:३० ला उठली, कारण घर तेव्हाच उठतं. सासूबाईंना जांभई दिसली म्हणून साडेसहाला झोळीत घातली. डोळा लागला ६:४० ला, उठली ७:१० ला, हसत. परत ८:२५ ते ८:५५, हसतच. मग १०:१५ ते १०:५०, तेव्हा थोडी कुरकुर. १२:३० ते १:००, रडत उठली, मान घामाने ओली. २:३० ते ३:००, पुन्हा रडत. शेवटची ४:४५ ते ५:१५, माझ्या मांडीवर. त्यानंतर थेट रात्री सव्वाआठला. सात वाजल्यापासून नुसती रडारड.

सगळ्या झोपा झोळीत आणि पडवीत, शेवटची सोडून.

वर्धेकर_सिस्टर

छान लिहिलंत, यात सगळं दिसतंय. दिवसाची झोप तीन तास, रात्रीची दुधाचा वेळ वजा करून पावणेनऊ तासांच्या आसपास. म्हणजे चोवीस तासांत बारा तास. या वयाला बारा ते सोळा तास धरतात, तेव्हा ती खालच्या टोकाला आहे, पण हद्दीत आहे. घाबरण्यासारखं काही नाही.

आता सकाळचं आणि दुपारचं वेगवेगळं बघा. सकाळी ती उठल्यावर तासाभरात परत झोळीत जाते. दोन महिन्यांच्या बाळाला ते ठीक होतं. पाच महिन्यांचं बाळ साधारण पावणेदोन ते सव्वादोन तास जागं राहू शकतं. जागेपणी झोपेची ओढ हळूहळू साचत जाते. तासाभरात साचते ती एक फेरी उरकण्यापुरतीच, म्हणून फेरी संपताच ती ताजीतवानी होऊन हसत उठते. तिला झोप पुरली, पुढच्या फेरीसाठी ओढच उरली नाही. सकाळी उठल्यावर येणाऱ्या जांभया या उरलेल्या झोपेच्या असतात. तेवढ्यावर झोळीत घालायचं नाही. नजर एकाच जागी थिजली, खेळण्यावरून मान फिरवायला लागली, भुवया लालसर झाल्या, की समजायचं आता ओढ पुरेशी साचली.

दुपारी उलट आहे. रडत उठते म्हणजे झोप अपुरी राहिली. तिथे तीन गोष्टी एकत्र येतात. उन्हाळ्यात पडवी तापते आणि तिथला उजेड डोळ्यांवर येतो. झोळी थांबलेली असते. आणि सकाळपासूनच्या तुकड्यांनी ती शिणलेली असते. झोळीचं नीट समजून घ्या. तिचा डोळा लागतो तेव्हा झोळी हलत असते. अर्ध्या तासाने ती अर्धवट जागी होते तेव्हा झोळी स्थिर असते. ज्या आधाराने झोप लागली तो आधार नाहीसा झालेला असतो, म्हणून ती पूर्ण जागी होते. काळी_माती काकू पायाने दोरी हलवत राहायच्या, म्हणून त्यांची लेकरं झोपायची. त्यामागचं कारण हेच.

एकदम सगळं बदलू नका. फक्त पहिली झोप हातात घ्या, कारण सकाळची झोप सगळ्यात आधी लांबते आणि सगळ्यात सोपी असते. साडेसहाची झोप दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटं पुढे न्या, सव्वासात-साडेसातपर्यंत. त्या वेळात तिला अंगणात कोवळ्या उन्हात न्या, पोटावर खेळू द्या. झोपेची जागा पडवीऐवजी माजघरात करा आणि खिडकीला गडद गोधडी लावा, इतकी की आतल्या माणसाचा चेहरा जेमतेम दिसावा. मग डोळा लागल्यापासून पंचवीस मिनिटांनी, ती हलायच्या आत, कुणीतरी तिच्याजवळ जायचं. पापण्यांखाली डोळे फिरतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, श्वास आखूड-लांब होतो, म्हणजे फेरी संपत आली. तेव्हा झोळी अगदी हळू हलवायला घ्यायची आणि श्वास परत एकसारखा होईपर्यंत हलवत राहायची. साधारण दहा-पंधरा मिनिटं लागतात.

नुसत्या हुंकारावर किंवा हातपाय झाडण्यावर उचलू नका. बाळं हलक्या झोपेत आवाज करतात, आपण उचलतो तेव्हा खरी जागी होतात. एक-दोन मिनिटं थांबा. डोळे उघडून खेळायला लागली किंवा मोठ्याने रडायला लागली तर मात्र ती झोप संपली. मग ओढाताण नको.

बाप_माणूस_वणी

सिस्टर, तुमचं सगळं मान्य, पण एवढा खटाटोप लागतोच असं वाटत नाही. आमचा मुलगा पाच महिन्यांपर्यंत असाच होता. मी त्याला गाडीवर पुढे बांधून वेशीपर्यंत चक्कर मारायचो, तोवर झोपायचा आणि घरी आणून ठेवला की उठायचा. आम्ही काहीच केलं नाही आणि साडेसहा-सात महिन्यांत आपोआप दीड-दीड तास झोपायला लागला. बसायला लागला, रांगायला लागला, थकायला लागला. काही बाळं वेळ आली की झोपतात.

वर्धेकर_सिस्टर

तुमचंही खरं आहे दादा. बऱ्याच बाळांची दिवसाची झोप पाच ते सात महिन्यांत आपोआप जुळते. घरात निभत असेल तर वाट पाहणंही योग्यच. इथे दुपारी बाळ रडत उठतंय आणि आईला महिन्याभरात शेतात जायचंय, म्हणून सांगितलं. गाडीवर बाळाला बांधून नेणं मात्र थांबवा. इतक्या लहान बाळाची मान झोपेत पुढे पडते आणि श्वास अडतो. पडण्याचा धोका आहेच.

अंगणवाडी_ताई_नेर

माझा मुद्दा वेगळा आहे. झोप लांबवायला झोळी हलवत राहा असं सांगितलं की घरोघरी बाळं दिवसभर झोळीत राहतील. मला झोळीची काळजी वाटते. कापड खोल असलं की बाळ कमानीसारखं वाकतं आणि हनुवटी छातीला टेकते. पाच महिन्यांनंतर बाळ पालथं पडायला लागतं, ते झोळीत पालथं झालं तर तोंड कापडात जातं. आमच्या भागात घरोघरी झोळीच असते, म्हणून मी गृहभेटीत रोज हे सांगते. सपाट खाटेवर किंवा जमिनीवर अंथरुणात, पाठीवर, राईची उशी आणि दुलई काढून झोपवायचं. तिथेच झोपायची सवय लागली की सांधा ओलांडायला दोरी लागतच नाही.

वर्धेकर_सिस्टर

ताई, सपाट जागा सगळ्यात बरी, यावर आपलं दोघींचं एकमत आहे. फरक एवढाच की जे बाळ आजवर फक्त झोळीत झोपलं त्याला एका दिवसात अंथरुणावर टाकलं तर आठवडाभर घरात रडारड होते आणि चौथ्या दिवशी सासूबाई परत झोळी बांधतात. म्हणून आधी पहिली झोप झोळीतच लांबवायची आणि एकदा लांब झाली की जागा बदलायची, असं मी सुचवते. तोवर कापड घट्ट ताणलेलं हवं, पाठ सरळ राहील इतकं. हनुवटी आणि छातीमध्ये दोन बोटं बसली पाहिजेत, चेहरा उघडा हवा, आणि झोळीतल्या बाळाला एकटं सोडून कुणी अंगणातसुद्धा जायचं नाही. ज्या दिवशी ती पालथी पडायला लागेल त्या दिवसापासून झोळी बंद.

अंगणवाडी_ताई_नेर

मला तरीही पटत नाही. पण डोळ्यासमोर माणूस असणार असेल तर ठीक.

दारव्ह्याची_सून

आठवडा उलटून गेला, म्हणून सांगते. पहिली झोप हळूहळू सव्वासातवर आणली. सुरुवातीला सातच्या आसपास ती कुरकुरायची, मग सासरे तिला गोठ्यात गाय दाखवायला न्यायचे आणि वेळ निघून जायचा. माजघरात खिडकीवर गोधडी टांगली. पहिले काही दिवस काहीच फरक नाही, पंचवीस मिनिटांनी मी जायचे, ती डोळे उघडायची आणि संपलं. एकदा मी पंचवीसऐवजी विसाव्या मिनिटालाच बसून राहिले आणि हलकी दोरी चालू ठेवली. तेव्हा पहिल्यांदा तास झाला. आता बहुतेक दिवस पहिली झोप तास-सव्वातासाची होते, एखाद्या दिवशी परत अर्धा तास. सासूबाईंना हे फार आवडलं, त्या दोरी सोडायलाच तयार नाहीत.

दुपारच्या झोपा मात्र तशाच, आणि रडणंही तसंच. पडवी सोडून माजघरात झोपवते, पण वर टिनाचं छप्पर, दुपारी तिथेही भट्टी असते.

वर्धेकर_सिस्टर

वीस मिनिटांचं तुम्ही तुमच्या लेकीचं ओळखलंत, तेच महत्त्वाचं. प्रत्येक बाळाचा सांधा चार-पाच मिनिटं इकडे-तिकडे असतो.

दुपारी आधी ऊन आटोक्यात आणा, झोपेची युक्ती नंतर. मानेमागे हात लावून बघा. ओली किंवा गरम लागली तर फेरी संपण्याआधीच ती उठणार. एक पातळ सुती झबलं पुरे, टोपी नको. कूलर असेल तर वारा थेट अंगावर न येता भिंतीवर आपटून यावा, आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होते. कूलरचा एकसुरी आवाजही उपयोगी पडतो, बाहेरच्या भांड्यांचा आवाज त्यात बुडतो. लाईट गेली की वारा आणि आवाज दोन्ही एकदम थांबतात, अशा दिवशी अर्धा तासच मिळणार असं धरून चाला.

काळी_माती

सिस्टरबाई, जायफळाचं पटलं, आता नाई सांगत कोणाले. पण उन्हाळ्याचं माह्या ऐका. खिडकीले बारदान बांधा अन् बारा वाजतापासून त्यावर पाणी शिंपत राहा. वाळ्याची ताटी असन तं अजूनच चांगलं. लेकराले टिनाच्या खोलीत नाई, मातीच्या खोलीत घ्या. जुन्या घरात धान्याची खोली असते ना, तिथं दुपारी बाहेरपेक्षा लय गार राहते.

दारव्ह्याची_सून

काकू, धान्याची खोली आहे आमच्याकडे! भिंती मातीच्या, वर माळा. पण कापूस-तुरीची औषधं तिथेच ठेवतो.

वर्धेकर_सिस्टर

मग औषधं आधी बाहेर, कुलपात. खोली झाडून, पुसून, दोन दिवस दारं उघडी ठेवून, वास पूर्ण गेल्यावरच बाळाला न्या. डबे हलवले आणि वास राहिला तरी नको. खोलीत उंदरासाठी काही टाकलं असेल तर तेही काढा. जमिनीवर झोपवत असाल तर खाली चटई, वर मच्छरदाणी, आणि कोपरे बघून घ्या, उन्हाळ्यात विंचू गारव्याला येतात.

दारव्ह्याची_सून

सासऱ्यांनी फवारणीचं सगळं सामान हलवलं. खोली सारवून वाळवली, दोन-तीन दिवस उघडी ठेवली, मग दुपारी तिला तिथे चटईवर झोपवायला घेतलं. झोळी तिथे बांधायला जागाच नव्हती, त्यामुळे अंगणवाडी ताईंचं आपोआप झालं! पहिले दोन दिवस तासभर थोपटावं लागलं. आता साडेबाराची झोप कधी पन्नास मिनिटं, कधी सव्वा तास होते आणि मानेला घाम नसतो. रडत उठणं पुष्कळ कमी झालं. दिवसाच्या सहा झोपांच्या चार झाल्या. पावणेपाचची मात्र अर्ध्या तासाचीच आहे.

दोन गोष्टी विचारते. ती शेवटची झोप लांबवायची का? आणि मी पेरणीला गेल्यावर सासूबाईंना पहिल्या झोपेला अर्धा तास झोळीपाशी बसणं जमणार नाही, सकाळी स्वयंपाक असतो. तेव्हा काय?

वर्धेकर_सिस्टर

शेवटची लांबवू नका. ती फक्त संध्याकाळ निभावण्यापुरती असते, लांबली तर रात्रीची झोप पुढे सरकते. रात्री सव्वाआठला झोपवायचं असेल तर ती सव्वापाच-साडेपाचपर्यंत संपलेली बरी. तीही पुढच्या एक-दोन महिन्यांत सुटेल, चारच्या तीन होतील.

पहिल्या झोपेचं, आत्तापासून झोळी आधी थांबवायला लागा. आज डोळा लागेपर्यंत हलवता ना, ते डोळे जड होईपर्यंत हलवा आणि शेवटची दोन मिनिटं स्थिर झोळीवर नुसता हात ठेवा. स्थिर झोळीत डोळा लागला तर अर्ध्या तासाने स्थिर झोळी तिला ओळखीची वाटेल. पेरणीपर्यंत जमेलच असं सांगता येत नाही. काही बाळं चार दिवसांत घेतात, काही दोन महिने घेत नाहीत. आणि ती पालथी पडायला लागली तर झोळी सुटलीच, मग तीही झोप धान्याच्या खोलीत न्यायची.

बाप_माणूस_वणी

आणि पेरणीच्या दिवसांत एखाद-दोन आठवडे परत अर्धा तास झाला तर होऊ द्या ताई. आमच्याकडे कापूस वेचणीच्या वेळी तसंच झालं होतं, वेचणी संपली तशी झोप परत आली.

दारव्ह्याची_सून

आज हात ठेवून बघितलं. डोळे मिटले, मग उघडले, मग दोरी हलवावीच लागली. उद्या परत बघते.